कपामागे अर्धी

भाच्याने कोथरूडमध्ये कॅफे काढला, तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं होतं की, बाबा रे, उधारी ठेवू नकोस आणि पंख्याखाली टेबल मांडू नकोस. दोन्ही त्याने ऐकलं. त्यामुळे जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तो घरी येऊन म्हणाला, "मावशी, व्हॅलेंटाइन वीकची ऑफर लिहायचीय, दोन ओळी लिहून दे ना," तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. शिवाय सूचना लिहिणं हा माझा प्रांत. बँकेत सत्तावीस वर्षं काढली त्यातली निम्मी सूचनाफलक लिहिण्यात गेली. "पेन ग्राहकांसाठी आहे, घरी नेण्यासाठी नाही" हे वाक्य माझं. शाखा दुसरीकडे गेली, पाटी अजून आहे म्हणतात.

"कोणासाठी ऑफर?" मी विचारलं.

"सगळ्यांसाठी. कपल, फ्रेंड्स, सिंगल. कोणाला वाईट वाटता कामा नये."

दोन ओळी लिहायला मला नऊ दिवस लागले.

भाच्याकडे आधीचा एक मसुदा होता. त्यात आठ दिवसांच्या आठ ऑफरी. 7 तारखेला रोज डे, 8 ला प्रपोज, मग चॉकलेट, टेडी, प्रॉमिस, हग, किस आणि 14 ला मुख्य कार्यक्रम. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा "रोज डे" म्हणजे रोजचाच दिवस असं समजून पुढे गेले. किस डेपाशी मात्र अडले. समोर ऑफर रिकामी होती. भाच्याला काही सुचलं नव्हतं, आणि मावशीला विचारायचा संकोच वाटला असावा. मी म्हटलं, बटाट्याचा कीस ठेव, शुक्रवार आहे, उपास करणारेही येतील. तो हसला नाही. लिहून घेतलं त्याने. आता आठ दिवसांच्या आठ ऑफरी म्हणजे काउंटरवरच्या मुलीने रोज नवं पाठांतर करायचं, आणि सातच्या पाटीवरची ऑफर नऊला मागायला येणाऱ्या माणसाशी रोज एक भांडण. बँकेत व्याजदर तिमाहीला बदलायचा तरी लोक मागच्या पाटीचा फोटो दाखवायचे. मी आठच्या आठ खोडल्या. आठवडाभर एकच ऑफर.

ती एक कोणती, इथे खरी गोम होती.

त्याचा पहिला विचार सगळ्यांचा असतो तोच. "कपल ऑफर : एका कॉफीवर एक मोफत." खाली बारीक अक्षरांत, "फ्रेंड्सचेही स्वागत." मी म्हटलं, ही खालची ओळ म्हणजे लग्नाच्या पंगतीत शेवटी "ड्रायव्हरलाही वाढा" म्हणतात तसं झालं. मग त्याने तीन रकाने केले. डावीकडे कपल, त्यांना दोन कॉफी आणि हार्टच्या आकाराची ब्राउनी. मध्ये फ्रेंड्स, चौघांत एक सँडविच फुकट. उजवीकडे सिंगल, त्यांना कोल्ड कॉफीवर वीस टक्के सूट, आणि शेजारी मांजराचं चित्र.

"मांजर कशाला?"

"क्यूट वाटतं."

मी काही बोलले नाही. मी बावन्न वर्षांची, लग्न केलेलं नाही, मांजर पाळलेलं नाही. प्रत्येक फॉर्मवर "वैवाहिक स्थिती" या रकान्यापुढे बरोबरची खूण करत आले आहे, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण त्या खुणेवर आजवर कोणी वीस टक्के सूट दिली नव्हती. सूट बघितल्यावर वाटलं की, अरे, म्हणजे काहीतरी झालंय की काय मला.

तीन रकान्यांचा निकाल मात्र मी नाही, काउंटरवरच्या मुलीने लावला. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, संध्याकाळी येते, फार बोलत नाही. तिने कागद वाचला आणि विचारलं, "दादा, पण हे मी ओळखायचं कसं? दोन मुली आल्या तर कपल म्हणायचं की फ्रेंड्स? एक काका-काकू आले तर? आणि सिंगलवाल्याला काय विचारू, तुम्ही सिंगल आहात का म्हणून? एखादा म्हणेल, तुला काय करायचंय?"

भाचा गप्प झाला. मी मनातल्या मनात तिला प्रमोशन दिलं. बँकेत एवढ्या वर्षांत मला एवढं कळलं होतं की, सवलतीची जी अट काउंटरवर तपासता येत नाही, ती अट नसते, भांडणाचं निमंत्रण असतं. ज्येष्ठ नागरिकाचा जादा व्याजदर चालतो, कारण जन्मतारखेचा पुरावा असतो. प्रेमाचा दाखला कोण देणार? तलाठी? आणि समजा दिला, तरी नातं बिलाच्या यंत्रात येत नाही. त्या यंत्रात फक्त एकच गोष्ट येते : किती कप.

म्हणून ऑफर माणसांना नाही, कपांना द्यायची असं ठरलं. हे एकदा ठरलं आणि मला वाटलं, संपलं काम. प्रत्यक्षात इथून हिशेब सुरू झाला.

हिशेब मी जेवणाच्या टेबलावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर केला. भाच्याकडे कॅपुचिनो दीडशे रुपयांना. तिच्यात कॉफीची पूड, दूध, साखर, कागदी रुमाल, सगळं मिळून त्याचे बत्तीस रुपये जातात. म्हणजे कपामागे एकशे अठरा उरतात, आणि त्यातून भाडं, पगार, वीज, आणि त्या कॉफी यंत्राचा हप्ता. यंत्राचा हप्ता ऐकून मी दोनदा विचारलं, आमच्या वेळी तेवढ्यात स्कूटर यायची. आता एकावर एक मोफत दिलं, तर दोन कपांचे मिळून दीडशे येणार, चौसष्ट जाणार, हाती शहाऐंशी. एरवी त्याच दोन कपांचे दोनशे छत्तीस उरले असते. म्हणजे प्रत्येक जोडप्यामागे हा दीडशे रुपयांचा आहेर करणार होता. आणि एकट्या माणसाला "एकावर एक" मिळालं तरी तो दुसऱ्या कपाचं करणार काय? थंड होईपर्यंत त्याच्याशी बोलत बसणार?

ब्राउनीकडे माझं लक्ष तेव्हा गेलं. ब्राउनी तो कॅफेत करत नाही, कर्वेनगरमधल्या एक बाई घरून देतात, पंचेचाळीस रुपयांना नग. पाटीवर किंमत एकशे तीस. विचारलं, खपते का? जानेवारीची बिलं काढली. दोन कपांच्या दहा बिलांत जेमतेम एकावर ब्राउनी, शनिवार-रविवारी दोनांवर. बाकी लोक काचेआड बघतात, "नको गं, जास्त होते" म्हणतात, आणि कॉफीबरोबरचं बिस्किट चघळत बसतात.

जास्त होते, हे खरं होतं. ब्राउनी चांगली तळहाताएवढी. म्हणून मी म्हटलं, अर्धी कर. एका कपामागे अर्धी ब्राउनी तीस रुपयांत. एक कप, अर्धी. दोन कप, एक. पाच जण आले तर अडीच. कोणाचं कोणाशी काय आहे याच्याशी आपला संबंध नाही.

भाचा म्हणाला, "एकशे तीसची ब्राउनी साठला? मावशी, तू बँकेत होतीस ना?"

म्हणून त्याला मांडून दाखवलं. अर्धी आपल्याला साडेबावीसला पडते, तीसला विकली, साडेसात राहिले. दोन कपांमागे पंधरा. थोडे आहेत, पण कॉफीच्या किमतीला हात लागलेला नाही, तिचे दोनशे छत्तीस जागेवर. तोटा फक्त त्याच्याकडून होतो, जो एरवीही पूर्ण किमतीला ब्राउनी घेणारच होता. त्याच्याकडून पंच्याऐंशी मिळायचे, आता पंधरा मिळणार, गेले सत्तर. तेव्हा दहा टेबलं धर. त्यात असा एकच असेल, तर सत्तर गेले, बाकीच्या नवांकडून एकशे पस्तीस आले. फायदा. असे दोन असतील तर एकशे चाळीस गेले, आठांकडून एकशे वीस आले. वीस रुपये खड्ड्यात. म्हणजे सोमवार ते शुक्रवार ऑफर पोटाला लावते, शनिवार-रविवारी किंचित चिमटा काढते.

"मग 14 ला कशाला द्यायची? शनिवार आहे. त्या दिवशी तसंही फुल्ल असतं."

प्रश्न बरोबर होता. गर्दीच्या दिवशी सूट देणं म्हणजे पावसात झाडांना पाणी घालणं. सूट लागते ती मंगळवारी दुपारी चारला, जेव्हा नऊ टेबलांपैकी सहांवर फक्त साखरेच्या पुड्या बसलेल्या असतात. पण व्हॅलेंटाइनची ऑफर 13 ला संपते असं लिहिलं, तर पुण्यात त्याचा जो अर्थ काढला जाईल तो कॉफीयंत्राच्या हप्त्याहून महाग पडला असता. दहा टेबलांमागे वीस रुपये हा अब्रूचा खर्च धरला. भाच्याने कॅलेंडरच्या पाठीवर खरंच "अब्रू : 20" असं लिहिलं.

मग आला मजकूर, म्हणजे ज्यासाठी मला बोलावलं होतं ते.

मराठीत दोन माणसांना हाक मारणं सोपं नाही. दोन पुरुष असतील तर "दोघे", दोन बायका "दोघी", एक एक असेल तर "दोघं". इंग्रजी पाटीला हा त्रास नाही, ती बिनधास्त ढोबळ असते. मराठीत "तुम्ही दोघं या" असं लिहिलं की लिहिताक्षणीच आपण कोण येणार हे ठरवून टाकलेलं असतं. "जोडीने या" म्हटलं तर सत्यनारायणाला बोलावल्यासारखं होतं. "आपल्या खास व्यक्तीसोबत या" हे भाचेसुनेने सुचवलं. मी म्हटलं, खास व्यक्ती आत्ता सासवडला आहे, तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मग आम्ही यायचं की नाही?

एकट्याला काय म्हणावं, हे आणखी अवघड. "सिंगल" म्हटलं की स्थळ बघायला बसल्यासारखं वाटतं. "एकटे असाल तरीही या" या वाक्यातलं "तरीही" इतकं दुष्ट आहे की ते मी लाल पेनने खोडलं. "स्वतःवर प्रेम करा" ही ओळ भाचेसुनेच्या फोनवर कुठून तरी आली होती. एक तर त्या ओळीचा कॉफीशी संबंध कळेना, आणि माणूस दुपारी बाहेर पडून दीडशे रुपयांची कॉफी पितोय, त्याला स्वतःवर प्रेम करायला अजून काय शिकवायचं?

माझ्या डोक्यात "एकटे या, दुकटे या, टोळक्याने या" असं छान आलं होतं. तीन तुकडे, ठेका होता, सगळे आले. घरी वाचून दाखवलं. भाचेसून म्हणाली, "मावशी, दुकटे म्हणजे काय? लुकडे वाटतंय." भाचा म्हणाला, "टोळकं पोलीस पकडतात." एक संध्याकाळ या ओळीची समजूत काढण्यात गेली, शेवटी तिला सोडलं. जीव तुटला. कुठेतरी वापरणार आहे मी ती.

शेवटी एक ओळ टाकावीशी वाटली : "कोणासोबत आलात हे विचारले जाणार नाही." लिहिली, चष्मा काढला, परत लावला. ही कॅफेची पाटी नव्हे, बसस्टँडमागच्या लॉजची झाली होती. तीही गेली.

उरलं ते असं. खडूच्या फळ्यावर, वर मोठ्या अक्षरांत "कपामागे अर्धी!" खाली : "7 ते 14 फेब्रुवारी. कोणतंही पेय घ्या, अर्धी ब्राउनी फक्त 30 रुपयांत. जितके कप, तितक्या अर्ध्या. ब्राउनी बिनअंड्याची आहे. गोड नको असल्यास तेवढ्यातच वाटीभर मसाला शेंगदाणे." बस. प्रेम, मैत्री, एकटेपणा, यातला एकही शब्द नाही. बिनअंड्याची हा शब्द मी आग्रहाने घातला. सगळ्यांना सामावून घ्यायच्या गप्पा मारायच्या आणि अंडं आहे की नाही ते सांगायचं नाही, म्हणजे निम्मं कोथरूड दारातच उभं. शेंगदाण्यांचा उपाय मधुमेहवाल्यांसाठी. ते आठवड्यातलं सगळ्यात लोकप्रिय कलम ठरेल याची आम्हाला कल्पना नव्हती.

फळ्याच्या कोपऱ्यात चित्र काढायचं होतं. एक बदाम काढला तर केविलवाणा दिसला. दोन काढले की कपल. तीन काढल्यावर भाचेसून म्हणाली, हे फारच पुढारलेलं होतंय. शेवटी वाफाळता कप काढला. टेबलावर गुलाबाचं नाव मीच काढू दिलं नाही. त्या आठवड्यात मार्केट यार्डात वीस फुलांची गड्डी हातात धरवत नाही अशा भावाला जाते, मावळातला चांगला माल परदेशी निघालेला असतो. आणि एकट्या माणसासमोर एक गुलाब उभा ठेवला की नेमकं काय झालंय, असं येणारे-जाणारे बघायला लागतात. त्याऐवजी शेवंती ठेवावी म्हटलं तर टेबलावर प्रसाद कधी येतो असं वाटू लागलं. फुलं रद्द.

आता राहिली काउंटरवरची तालीम. फळा कितीही शहाणा असला तरी तोंड बोलतं ते वेगळंच. मी एक संध्याकाळ कोपऱ्यात बसून ऐकलं. दोघं आले की मुलगी म्हणायची, "दोन?" चौघं आले की, "चार?" आणि एकटा माणूस आत आला की, "एकच?" हा "च" कोणी तिला शिकवला नव्हता, तो तिच्या तोंडात मराठी म्हणून जन्मला होता. दुसरा मुलगा तर "फक्त एक?" म्हणायचा. मी दोघांना बसवून सांगितलं, "फक्त" हा शब्द तीस रुपयांपुरता ठेवा, आणि "च" घरी ठेवून या. मुलगी म्हणाली, "मॅडम, येतोच तो." म्हटलं, गिळ. पहिले दोन दिवस ती "एक" म्हणून ओठ असे घट्ट मिटायची की गिऱ्हाइकाला वाटायचं, हिची दाढ दुखतेय.

7 तारखेला पहिलीच तक्रार आली, आणि ती आली कपलकडून.

कॉलेजमधली मुलं होती. मुलाने फळा दोनदा वाचला, मग हळूच काउंटरपाशी आला. "दादा, आम्ही कपल आहोत. आमच्यासाठी स्पेशल काय आहे?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी शेंगदाण्यांकडे. एकट्याला वाईट वाटू नये, मित्रांना वाटू नये, मधुमेहवाल्यांना वाटू नये, एवढी नऊ दिवस खटपट केली, आणि ज्यांच्या नावाने आठवडा आहे त्यांनाच आम्ही गर्दीत ढकलून दिलं होतं. तो बिचारा तिला घेऊन आला होता, शर्टाला इस्त्री होती. त्याच्या पुढ्यात अर्धी आणि तिच्या पुढ्यात अर्धी अशा दोन बशा आल्या असत्या, वाटणी झाल्यासारख्या.

काउंटरवरच्या मुलीने वाचवलं. म्हणाली, "न कापता देऊ? एका बशीत, दोन चमचे?" मुलाचा चेहरा उजळला. आमचा खर्च तोच, पैसे तेच, उलट कापायचा वेळ वाचला. ब्राउनी कापणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. गरम असताना सुरी घातली की चिकटते आणि भुगा होतो. ती थंडगारच कापायची, प्रत्येक काप गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने, आणि मग हवी तर गरम करायची. पहिल्या दिवशी हे माहीत नसल्यामुळे तीन ब्राउनींचा चुरा झाला. तो वाया गेला नाही. मी खाल्ला.

संध्याकाळी फळ्यावर एक ओळ वाढली : "दोन कपांना अखंड मिळेल, सांगावे." ही ओळ कपलसाठी होती. पण रविवारी सकाळी फिरून येणारे दोन आजोबा, पायात बूट, डोक्यावर कानटोपी, त्यांनी ती वाचली आणि एक म्हणाला, "अखंड." दुसरा म्हणाला, "आणि चमचे दोन. याच्याबरोबर वाटून खायचं म्हणजे मला कोपरा मिळत नाही." कोपऱ्याचा भाग कुरकुरीत असतो, त्यावरून त्यांचं खरंच वाजलं. पाच मैत्रिणींच्या घोळक्याला अडीच ब्राउनी मिळाल्या तेव्हा ती शेवटची अर्धी कोणाची यावर इतका वेळ चर्चा झाली की त्यांनी सहावी कॉफी मागवून सहावी अर्धी घेतली. हे मी हिशेबात धरलं नव्हतं. बँकेत याला आम्ही अनपेक्षित वसुली म्हणत असू.

मधले दिवस बरे गेले. मंगळवारी दुपारी चारला सहाऐवजी तीनच टेबलं रिकामी होती, आणि एका माणसाने आठवडाभर रोज येऊन एक फिल्टर कॉफी आणि शेंगदाणे घेतले. आज कसला डे आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं.

खरी कसोटी 14 ला होती, आणि ती लिहिण्याची नव्हती, खुर्च्यांची होती. नऊ टेबलांपैकी सात दोन खुर्च्यांची. संध्याकाळी सहाला दारात रांग, आणि आत दोन टेबलांवर एकेकटा माणूस, समोरची खुर्ची रिकामी. भाचा माझ्या कानाशी आला. "मावशी, त्यांना खिडकीच्या फळीवर बसायला सांगू का? स्टूल रिकामे आहेत."

एवढे दिवस शब्दांतून काढलेला माणूस आता खुर्चीवरून काढायचा. मी म्हटलं, बसलेल्याला उठवायचं नाही. त्याने कपाचे पैसे दिलेत, खुर्च्यांचे नाही, हे खरं, पण जोडप्यानेही नाही दिले. त्याऐवजी दारातच प्रत्येकाला विचार, टेबल हवं की खिडकी? कोणीही असो. आणि टेबलाला सव्वा तास, तोही सगळ्यांना सारखाच. मला वाटलं होतं, खिडकी कोणी घेणार नाही. पण पहिल्या चार जोडप्यांतली तीन खिडकीत गेली. शेजारी शेजारी बसायला मिळतं, रस्ता दिसतो, आणि एकमेकांकडे सतत बघावं लागत नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं की लोकांना समोरासमोर बसायला आवडतं.

साडेसातला गर्दी ओसरली. माझे पाय दुखायला लागले होते, आणि आठवडाभरात मी एकही ब्राउनी पैसे देऊन खाल्ली नव्हती. पर्स घेऊन मी बाहेर गेले आणि गिऱ्हाईक म्हणून परत आत आले. मुलीने बघितलं. क्षणभर थांबली.

"एक," म्हणाली. ओठ मिटले. दाढ दुखल्यासारखं तोंड झालं.

"टेबल की खिडकी?"

"टेबल."

मी दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसले आणि समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवली. ती कॅपुचिनो घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, ब्राउनी शेवटची एकच उरलीय. थंड आहे, नीट कापली जाईल. कापू?"

मी काचेआड बघितलं. चारही कोपरे शाबूत होते.

"कापू नकोस," मी म्हटलं. "दुसरा कप आण."